परवानगी एका पिनची, सुटका मात्र दारोदार

मिरजेत माझी खाला राहते. वय एकसष्ट. खालू गेल्यानंतर घरीच साड्यांना फॉल-पिको करते, एका साडीचे चाळीस रुपये घेते. हिशोबाची पक्की आहे. दर दोन महिन्यांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणते आणि चष्मा लावून एकेक ओळ वाचते. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिने मला फोन केला. "बेटा, दर एकवीस तारखेला माझे चारशे नव्व्याण्णव रुपये कोण नेतंय? साडेबारा साड्या होतात रे त्या!"

नेणारे होते इंग्रजी बोलायला शिकवणारे एक ॲप. जूनच्या चौदा तारखेला तिच्या नातवाने, म्हणजे सातवीतल्या पोराने, तिच्या फोनवर ते घेतले होते. 'एक रुपयात सात दिवस' अशी जाहिरात होती. एक रुपया भरायला दादीने पिन टाकून दिला. सात दिवसांनी, 21 जूनला, 499 रुपये गेले. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच हप्त्यांचे 2,495 आणि तो पहिला एक रुपया, असे 2,496 रुपये.

आता यातली माझी चूक आधी सांगतो. जुलैमध्येच खालाने मला विचारले होते. मी घाईत होतो. "ते ॲप काढून टाक फोनमधून," एवढेच सांगितले. तिने काढले. मला वाटले काम झाले. शिकलेल्या माणसाचे हे अज्ञान तीन महिन्यांत पंधराशे रुपयांना पडले, आणि तेही दुसऱ्याच्या खिशातून. ॲप काढणे म्हणजे दुकानाकडे पाठ फिरवणे. दुकानदाराच्या हातात आपण दिलेला कागद तसाच राहतो. गूगलच्या प्ले स्टोअरमधून किंवा ॲपलकडून घेतलेल्या वर्गणीचेही तसेच आहे. ॲप उडवले तरी वर्गणी चालू राहते, ती त्या स्टोअरमध्ये प्रोफाइलखालच्या Subscriptions मध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते.

त्या कागदाचे नाव मँडेट. या लेखात भांडण आहे ते त्या कागदाबद्दल, आणि तो आपल्याकडून कसा घेतला जातो व परत मागायला गेल्यावर काय ऐकावे लागते त्याबद्दल.

ऑक्टोबरच्या शेवटी मी खालाला घेऊन तिच्या बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने पासबुक पाहिले आणि म्हणाला, "मावशी, याला तुम्हीच परमिशन दिलीय. आम्ही काही करू शकत नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा." मी म्हणालो, "साहेब, पैसे तुमच्या खात्यातून जातायत, कंपनीच्या नाही." तो म्हणाला, "सर, हे यूपीआयचं आहे. आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही." कंपनीला फोन करायचा तर नंबर सापडेना. ॲपमध्ये म्हणे 'मदत' नावाचा रकाना आहे, पण ॲप काढलेले. पुन्हा घातले, तर आत जायला ज्या नंबरने नोंदणी केली तो नंबर हवा, आणि नातवाने तेव्हा आपल्या बापाचा नंबर दिला होता. बाप दुबईत. ईमेल केला, तर आपोआप पाठवलेले उत्तर आले की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

'कंपनीशी बोला' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. ऐकून आपण गप्प बसतो, कारण त्यात एक तर्क दिसतो. वस्तू कंपनीकडून घेतली, तर ती थांबवायलाही कंपनीकडेच जावे. हा तर्क चुकीचा आहे, आणि बँकेत बसलेल्या माणसाला तो चुकीचा आहे हे ठाऊक असायला हवे.

यात करार दोन आहेत. पहिला करार खालाचा आणि कंपनीचा: तुम्ही शिकवा, आम्ही महिन्याला पैसे देऊ. दुसरी गोष्ट म्हणजे खालाने आपल्या बँकेला दिलेली आज्ञा: ही कंपनी दर महिन्याला मागायला येईल, अमुक रकमेपर्यंत देत जा, मला प्रत्येक वेळी विचारू नका. मँडेट म्हणजे ही दुसरी गोष्ट. ती देणारी खाला आहे आणि पाळणारी बँक आहे. पूर्वी आपण चेक देऊन नंतर बँकेला 'पेमेंट थांबवा' असे लिहून देत होतो. तेव्हा कोणताही कॅशियर म्हणत नव्हता की ज्याला चेक दिला त्याची परवानगी आणा.

आणि हे माझे मत नाही, नियम आहे. रिझर्व्ह बँकेने 21 ऑगस्ट 2019 रोजी कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी परिपत्रक काढले, आणि 10 जानेवारी 2020 रोजी तीच चौकट यूपीआयला लागू केली. 1 ऑक्टोबर 2021 पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. अनेकांना आठवत असेल, त्या महिन्यात भल्याभल्यांच्या वर्गण्या अचानक बंद पडल्या होत्या. त्या चौकटीत तीन गोष्टी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी एसएमएस किंवा ईमेलने सूचना यायला हवी, त्यात कोण, किती, कधी आणि कशासाठी घेणार हे हवे. ती सूचना मिळाल्यावर ग्राहकाला तेवढी वसुली किंवा पूर्ण मँडेटच नाकारता यायला हवे. आणि कोणत्याही वेळी मँडेट मागे घेण्याची ऑनलाइन सोय कार्ड किंवा खाते देणाऱ्याने ठेवायला हवी, त्यासाठी ग्राहकाकडून पैसे न घेता. कंपनीचे नाव या तिसऱ्या वाक्यात नाही. ही जबाबदारी कार्ड किंवा खाते देणाऱ्यावरच टाकलेली आहे.

आता या नियमाचे प्रत्यक्षात काय होते ते पाहा. खालाच्या फोनमध्ये मी जुने एसएमएस शोधले. सूचना आलेल्या होत्या, दर महिन्याच्या वीस तारखेच्या आधी, अगदी नियमाने. इंग्रजीत. अमुक तारखेला 499 रुपये कापले जातील, अमुक कंपनीचे मँडेट, पुढे लांबलचक अक्षरे आणि आकडे, आणि शेवटी, खात्यात शिल्लक ठेवा. थांबवायचे असेल तर काय करा, याबद्दल एक शब्द नाही. नियमाने जी सूचना ग्राहकाला नकार देता यावा म्हणून घालून दिली, तिचे बँकेने पैसे तयार ठेवण्याच्या तगाद्यात रूपांतर केले. शिवाय ती त्याच नावाच्या खात्यातून येते जिथून कर्जाच्या जाहिराती येतात. खालाने ती उघडलीच नव्हती. मीही उघडली नसती.

पण त्या एसएमएसमधल्या लांबलचक अक्षरांनीच शेवटी आमची सुटका केली, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

यूपीआयवरचे मँडेट रद्द करायला यूपीआयच्या ॲपमध्ये जावे लागते. प्रोफाइलमध्ये Autopay किंवा Mandates अशा नावाची जागा असते. तिथे चालू मँडेटांची यादी दिसते, एकावर बोट ठेवले की Pause आणि Cancel किंवा Revoke असे पर्याय दिसतात. खालाच्या फोनवरचे ॲप उघडले. यादी रिकामी. काउंटरवरच्या मुलाप्रमाणे तेही म्हणाले की इथे काही नाही. माझ्या मते बहुतेक माणसे इथेच हार मानतात.

पण प्रत्येक यूपीआय मँडेटला एक क्रमांक असतो, त्याला UMN म्हणतात. लांब अक्षरांची ओळ असते आणि शेवटी @ लावून एक शेपूट असते. हे शेपूट सांगते की मँडेट कोणत्या ॲपमधून दिले गेले. शेवटी @okaxis, @oksbi, @okhdfcbank असे ok ने सुरू होणारे काही असेल तर ते गूगल पेमधले. @ybl, @ibl किंवा @axl असेल तर फोनपेमधले. नुसते @upi असेल तर भीममधले. आमच्या एसएमएसमधले शेपूट खाला रोज वापरते त्या ॲपचे नव्हतेच. नातवाला बोलावून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "तेव्हा दुसरं ॲप टाकलं होतं, कॅशबॅक मिळतो म्हणून. नंतर काढलं." म्हणजे शिकवणीचे ॲप काढले, पैशाचे ॲपही काढले, तरी मँडेट जिवंत.

ते पैशाचे ॲप पुन्हा घातले. सिम तेच, बँक तीच, त्यामुळे खाते पुन्हा जोडले गेले. Autopay मध्ये गेलो आणि तिथे ते बसलेले होते. त्या पडद्यावर जे लिहिले होते ते वाचून मात्र मी थक्क झालो. वर्गणी 499 ची, पण मँडेट '1,500 रुपयांपर्यंत'. वारंवारता दर महिन्याला. मुदत जून 2055. खाला तेव्हा एक्याण्णव वर्षांची असेल. एक रुपया देताना तिने तीस वर्षांचा, महिना दीड हजारापर्यंतचा अधिकार लिहून दिला होता, आणि पिन टाकायच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसत होता फक्त तो एक रुपया.

ही 'पर्यंत'ची भानगड बेकायदा नाही. विजेचे बिल दर महिन्याला बदलते, म्हणून मँडेटमध्ये कमाल रक्कम ठेवायची सोय आहे. पण ज्या वर्गणीची रक्कम ठरलेली आहे तिथे तिप्पट कमाल कशाला? उद्या कंपनीने दर वाढवला तर पुन्हा विचारायला नको म्हणून. आणि पंधरा हजारांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा पिन लागत नाही. ही मर्यादा जून 2022 मध्ये पाच हजारांवरून पंधरा हजार केली गेली. म्हणून नवे मँडेट देताना पाहायचे ते तीनच शब्द: कितीपर्यंत, किती वेळा, कधीपर्यंत. 'As presented' असे दिसले तर त्याचा अर्थ कंपनी मागेल तेव्हा.

Revoke दाबले, पिन टाकला, अर्ध्या मिनिटात बँकेचा एसएमएस आला की मँडेट रद्द. Pause दाबले नाही, आणि कोणी दाबूही नये. Pause म्हणजे मँडेट झोपवणे, ते पुन्हा जागे करता येते, आणि झोपवल्याचे आपण विसरतो. रद्द झाल्याच्या पडद्याचा फोटो UMN आणि तारखेसकट काढून ठेवला. तो का, ते पुढे येईल.

एक बारकावा इथे नोंदवतो. चोवीस तासांची सूचना येऊन गेल्यानंतर मँडेट रद्द केले तर वाटेत असलेली ती एक वसुली होऊन जाण्याची शक्यता राहते. म्हणून वसुलीच्या तारखेआधी तीन-चार दिवस तरी हे काम उरकावे. आणि खाते रिकामे ठेवून वसुली चुकवायची युक्ती अनेक जण सांगतात, ती करू नये. यूपीआयवर पहिला प्रयत्न फसला तर त्याच वसुलीसाठी आणखी तीन प्रयत्न करायला परवानगी आहे. खालाच्या खात्यात सकाळी शंभर रुपये असतील आणि दुपारी गिऱ्हाइकाने सहाशे पाठवले, तर त्यातलेच जातील. वर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा.

कार्डावर मँडेट असेल तर रस्ता वेगळा आहे. तिथे यूपीआयच्या यादीत काही दिसणार नाही. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये कार्डांच्या विभागात e-mandate किंवा standing instruction असे शोधावे लागते. बऱ्याच बँका ही यादी स्वतः ठेवत नाहीत, त्यांची लिंक SI Hub नावाच्या पोर्टलवर नेते. तिथे कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी टाकला की त्या कार्डावरची सगळी मँडेटे दिसतात आणि तिथूनच रद्द होतात. मात्र या पोर्टलवर बँकेच्या स्वतःच्या साइटवरूनच जावे. शोधून सापडलेल्या कुठल्याही दुव्यावर कार्डाचा क्रमांक टाकणे म्हणजे चारशे नव्व्याण्णव वाचवायला जाऊन चाळीस हजार घालवणे. 'तुमचे ऑटो-पे बंद करून देतो' असे सांगणारे फोन येतात, तेही याच जातीचे. मँडेट रद्द करायला कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही.

तिसरा प्रकार जुना आहे. पासबुकातल्या ओळीत ACH किंवा NACH ही अक्षरे असतील तर ती वसुली थेट खात्यावरच्या मँडेटने होते. कर्जाचे हप्ते, विमा, काही जिम आणि क्लासवाले हे वापरतात. त्याचा क्रमांक UMRN, आणि तो रद्द करायचा नेट बँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन. तिथे शिल्लक नसेल तर बँक दर वेळी दंड लावते, वर जीएसटी. आणि कर्जाचा हप्ता असेल तर मँडेट रद्द केल्याने कर्ज मिटत नाही, फक्त हप्ता थकतो. जिमशी वर्षभराचा करार लिहून दिला असेल तर तोही मँडेटबरोबर संपत नाही. म्हणून मँडेट रद्द केल्यावर कंपनीला एक ओळीचा ईमेल पाठवावा की अमुक तारखेपासून वर्गणी नको. परवानगी मागायची नाही, कळवायचे.

आता त्या दुसऱ्या वर्गाशी भांडतो जो बँकेपेक्षा मला जास्त बोचतो. नात्यातलेच. खालाची हकिगत ऐकून एका सुशिक्षित चुलत भावाने व्हॉट्सॲपवर लिहिले, "पिन टाकताना वाचायचं नाही का? चूक आपलीच असते." हे वाक्य फार लोकप्रिय आहे, कारण बोलणारा त्यात शहाणा ठरतो. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक आहे वर्गणीचा सापळा. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा लांबलचक करणे हा सापळा. रद्द करण्याचा पर्याय लपवणे हा सापळा. सूचना संदिग्ध ठेवणे हा सापळा. आणि मोफत वर्गणीसाठी आधीच पैशाचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणे, हाही सापळाच.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. 'सात दिवस मोफत' म्हणून आधी मँडेट मागणे हीच सरकारच्या लेखी फसवी मांडणी आहे. मला तर वाटते, आजकाल 'मोफत'च्या जागी 'एक रुपया' दिसतो त्यात हीच पळवाट असावी. एक रुपया घेतला की ते मोफत राहत नाही. कंपनीला त्या रुपयात रस नसतो, रस असतो तो त्या रुपयाबरोबर येणाऱ्या पिनमध्ये.

तेव्हा चूक कुणाची हा प्रश्न असाही विचारता येतो. आत येताना एक पिन, दहा सेकंद. बाहेर पडताना एक शाखा, दोन ॲप, एक न लागणारा नंबर, दुबईतल्या मुलाचा ओटीपी आणि पाच महिने. दोन्ही दरवाजे एकाच माणसाने बांधले आहेत. एक रुंद आणि एक अरुंद, हे चुकून झालेले नाही. खालाने वाचले नाही हे खरे. पण ती न वाचेल या हिशोबावर ज्याने धंदा उभा केला, त्याच्याबद्दल आमच्या चुलत भावाला काहीच म्हणायचे नाही.

आपोआप वसुलीला माझा विरोध नाही. माझे स्वतःचे विजेचे बिल तसेच जाते आणि ते बरे आहे. माझा आक्षेप रिझर्व्ह बँकेच्या नियमातल्या एका शब्दावरही आहे. मँडेट मागे घेण्याची सोय 'ऑनलाइन' द्यावी, एवढेच तो म्हणतो. ज्याला ऑनलाइन जमते त्याच्यासाठी हे पुरेसे. पण ज्या बाईला शाखेत येऊन पासबुक भरावे लागते, तिला शाखेतच, एका सहीवर, तिच्या खात्यावरची सगळी मँडेटे छापून मिळायला काय हरकत आहे? बँकेला ती दिसत नाहीत हे मी मानायला तयार नाही. वसुलीच्या दिवशी तीच बँक अचूक पैसे काढून देते. आणि सूचनेचा एसएमएस मराठीत, शेवटी 'शिल्लक ठेवा' ऐवजी 'थांबवायचे असल्यास' असे लिहून का येऊ नये? जाहिराती तर मराठीत येतात.

राहिला प्रश्न गेलेल्या पैशांचा. इथे खोटी आशा देत नाही. मँडेट चालू असताना, सूचना देऊन झालेली वसुली बँक सहसा परत करत नाही, कारण पिन आपणच टाकलेला असतो. तिला 'अनधिकृत' म्हणता येत नाही. तिथे भांडण कंपनीशी, आणि ते राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून करायचे. आम्ही केली. वर्गणीचा सापळा हा शब्द वापरला, तारखा दिल्या, रद्द केल्याचा फोटो जोडला. नवव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. अटी ग्राहकाने मान्य केल्या होत्या, तरीही सद्भावना म्हणून शेवटचे दोन हप्ते परत करत आहोत. 998 रुपये आले. 1,498 गेले ते गेलेच.

मात्र मँडेट रद्द केल्यानंतर पैसे गेले तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. तिथे ग्राहकाची परवानगीच उरलेली नसते, ती वसुली अनधिकृत ठरते, आणि अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे नियम या व्यवहारांनाही लागू आहेत. तो रद्द केल्याचा फोटो त्यासाठी. असे झाले तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवायचे, तक्रार क्रमांक घ्यायचा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उडवाउडवी केली, तर cms.rbi.org.in वर बँकिंग लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. थेट लोकपालाकडे गेले तर ती परत येते, आधी बँकेकडे जावेच लागते.

आमच्या बाबतीत रद्द केल्यानंतर काही गेले नाही. 21 नोव्हेंबरला मी मुद्दाम फोन केला. खालाने सांगितले, सकाळपासून दोनदा शिल्लक पाहिली, जशीच्या तशी आहे. पण बँकेबद्दलची तक्रार मी सोडलेली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाखेत लेखी दिली: खातेदाराला मँडेट रद्द करण्याची सोय दाखवण्याऐवजी कंपनीकडे पाठवले. शाखाधिकाऱ्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि हसून म्हणाले, "चारशे नव्व्याण्णवसाठी एवढं?" मी त्यांना सांगितले की साडेबारा साड्यांसाठी.

त्यानंतर खालाला पासबुक वाचायचा नवाच नाद लागला आहे. परवा तिने आणखी एक ओळ दाखवली. मे महिन्याच्या शेवटी वीस रुपये गेले होते. "हे पण बंद करायचं?" तिने ॲप उघडूनच ठेवले होते. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघात झाला तर दोन लाखांचा विमा, वर्षाला वीस रुपये. खालूंनी कधीतरी दोघांचा फॉर्म शाखेत भरून दिला होता.

मी म्हणालो, "नाही खाला, हे राहू दे."

तिने पासबुकात त्या ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली.